सहसंबंध सापडला, कारण नाही: प्रबंधातल्या ‘चर्चा’ प्रकरणाची वाक्यं कशी दुरुस्त करावीत

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. “मॅडम, यातल्या किती मुलांच्या हातात तुम्ही मोबाइल दिलात आणि किती जणांचा काढून घेतलात?” मी म्हटलं, “सर, तसं काही केलं नाही, प्रश्नावली भरून घेतली.” त्यांनी पाचव्या प्रकरणातलं एक वाक्य वाचून दाखवलं: “मोबाइलच्या अतिवापरामुळे संपादणूक घटते हे सिद्ध झाले.” मग त्यांनी वही मिटली. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. आकडे बरोबर होते, तक्ते बरोबर होते, परिकल्पनाही नीट तपासल्या होत्या. चुकली होती ती फक्त वाक्यं, आणि ती दुरुस्त करायला मला तीन आठवडे लागले, कारण नेमकं काय बदलायचं हे कोणी सांगत नव्हतं.

तुमचं संशोधन वर्णनात्मक सर्वेक्षण पद्धतीचं असेल, सहसंबंध गुणक काढला असेल आणि ‘निष्कर्ष व चर्चा’ लिहायला घेतलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण माझ्याच विषयाचं घेते: इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर आणि शैक्षणिक संपादणूक. खालचे आकडे मात्र माझ्या प्रबंधातले नाहीत. समजावून सांगायला सोपे जावेत म्हणून मी ते घेतले आहेत.

हाताशी काय ठेवायचं

चर्चेच्या प्रकरणाची छापील प्रत, तिसऱ्या प्रकरणातली संशोधन पद्धती, निकालांचे तक्ते, मूळ प्रश्नावली आणि दोन रंगांची पेनं. संगणकावर शोध घेता आला तर काम लवकर होतं. पण टायपिंग जुन्या फाँटमध्ये झालं असेल, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, तर युनिकोडमध्ये लिहिलेला शब्द त्या फाइलमध्ये सापडत नाही. शोध ‘शून्य’ दाखवतो आणि आपल्याला वाटतं की चूक नाहीच. अशा फाइलसाठी कागद आणि पेनच बरं.

## 1. आधी पद्धतीचं प्रकरण वाचा, चर्चेचं नंतर

तिसरं प्रकरण उघडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा.

पहिला: कोणी किती मोबाइल वापरायचा हे कोणी ठरवलं? तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल तर तो प्रयोग. मुलांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी ठरवलं असेल तर जी मुलं जास्त वापरतात ती बाकीच्यांपेक्षा आणखी दहा गोष्टींत वेगळी असू शकतात.

दुसरा: दोन चलांपैकी आधी काय मोजलं? प्रश्नावली आणि प्रथम सत्राचे गुण एकाच आठवड्यात घेतले असतील, तर आधी काय घडलं हे तुमच्या माहितीत कुठेच नाही.

तिसरा: दोन्हींवर प्रभाव असू शकेल अशी कोणती गोष्ट तुम्ही मोजली, आणि कोणती मोजलीच नाही? पालकांचं शिक्षण, आठवीचे गुण, शिकवणी, घरात अभ्यासाला जागा आहे की नाही.

हा कागद समोर चिकटवा. पुढे चर्चेतल्या प्रत्येक वाक्याला विचारायचं ते एवढंच: या कागदावरच्या उत्तरांवर तू उभं राहतंस का?

एक सापळा इथेच आहे. आपल्याकडे ‘स्वाश्रयी चल’ आणि ‘आश्रयी चल’ हे शब्द सर्वेक्षणातही सर्रास वापरतात. मोबाइल वापराला एकदा स्वाश्रयी चल म्हटलं की ते कारण आहे असं मन धरून चालतं. पण ते नाव आपण दिलेलं असतं. सहसंबंध गुणकाला दिशा नसते. चलांची अदलाबदल केली तरी `r` तेवढाच येतो.

## 2. मराठीत कार्यकारण कुठे लपतं ते शोधा

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला. मार्गदर्शक म्हणायचे, “कार्यकारणाची भाषा काढा.” मी ‘कारण’ आणि ‘कारणीभूत’ हे शब्द काढले आणि मोकळी झाले. पण मराठीत कार्यकारण शब्दांपेक्षा प्रत्ययांत आणि क्रियापदांत जास्त असतं.

प्रत्यय. `मुळे`, `ल्याने`, `ल्यामुळे`, `ल्यास` हे चार शोधा. ‘मोबाइलमुळे’ उघड दिसतं. ‘जास्त वापर केल्याने’ जरा कमी दिसतं. सगळ्यात निसटणारा ‘ल्यास’. “वापर कमी केल्यास गुण वाढतील” हे वाक्य साधं शर्त सांगणारं वाटतं, पण त्यात भाकीत आहे. कोणाचाही वापर कमी करून तुम्ही पाहिलेला नाही, मग हे भाकीत आलं कुठून?

प्रत्येक ‘मुळे’ काढायचा नाही, हेही लक्षात ठेवा. “नमुना एकाच तालुक्यातला असल्यामुळे निष्कर्ष सर्वत्र लागू करता येत नाहीत” यातला ‘मुळे’ तुमच्या युक्तिवादाचा आहे, दोन चलांमधला नाही. तो राहू द्या.

प्रयोजक क्रियापदं. ‘वाढतो’ आणि ‘वाढवतो’, ‘घटते’ आणि ‘घटवते’. ‘मोबाइल ताण वाढवतो’ म्हटलं की मोबाइल हा कर्ता झाला. ‘भंग करतो’, ‘खाली आणतो’, ‘हातभार लावतो’, ‘महत्त्वाची भूमिका बजावतो’ हीही त्याच घरातली. शेवटचं वाक्य सौम्य वाटतं म्हणून फार जण तिथे आसरा घेतात. पण भूमिका बजावणं म्हणजे घडवण्यात वाटा असणं, आणि तोच तर तुम्ही दाखवलेला नाही.

बदलाची क्रियापदं. ही चूक चांगल्या प्रबंधांतही दिसते. “मोबाइल वापर वाढत गेला तसतसे गुण कमी होत गेले.” यात ‘मुळे’ नाही, प्रयोजक नाही. पण ‘वाढत गेला’ म्हणजे कोणाचा? एकाच मुलाचा वापर महिन्यागणिक वाढला आणि त्याचे गुण उतरले, असं चित्र वाचकासमोर उभं राहतं. तुमच्याकडे तर एका दिवशी पाहिलेली वेगवेगळी मुलं आहेत. कोणाचंही काही वाढलेलं किंवा घटलेलं तुम्ही पाहिलं नाही. म्हणून ‘वाढला’ऐवजी ‘जास्त होता’ आणि ‘कमी झाले’ऐवजी ‘कमी आढळले’ असं लिहा. कर्ता चल नको, विद्यार्थी हवा: “जास्त वेळ मोबाइल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सरासरीने कमी आढळले.”

नामं. ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘परिणामकारकता’, ‘फलित’. परिणामकारकता हा शब्द प्रायोगिक संशोधनाचा आहे, तो सर्वेक्षणात येऊच देऊ नका. ‘सिद्ध झाले’ दिसलं तर तेही काढा. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला, एवढंच घडलेलं असतं.

शोधलेला प्रत्येक शब्द पहिल्या रंगाने अधोरेखित करा. माझ्या अकरा पानांत एकही परिच्छेद कोरा राहिला नव्हता.

## 3. प्रत्येक वाक्य तीनपैकी कोणतं आहे ते ठरवा

आता दुसरा रंग घ्या. समासात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा: ‘आ’ म्हणजे आढळलेलं, ‘स्प’ म्हणजे स्पष्टीकरण, ‘शि’ म्हणजे शिफारस. बहुतेक गोंधळ तिन्ही एकाच वाक्यात कोंबल्याने होतो. माझा जुना परिच्छेद साधारण असा होता:

> मोबाइलच्या अतिवापरामुळे विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक घटते हे प्रस्तुत संशोधनातून सिद्ध झाले. वापराचे तास वाढले की गुण कमी होत जातात. मोबाइलमुळे एकाग्रता भंग पावते व अभ्यासाचा वेळ वाया जातो. पालकांनी वापर मर्यादित केल्यास संपादणूक उंचावेल.

पहिल्या दोन वाक्यांत आढळलेल्या गोष्टीला कारणाचा वेश चढवलेला आहे. तिसरं वाक्य निव्वळ स्पष्टीकरण आहे. एकाग्रता तर मोजलेलीच नव्हती, तरी ते निष्कर्षासारखं लिहिलं आहे. चौथी शिफारस आहे, भाकीताच्या रूपात.

दुरुस्त करताना मी एक नियम धरला: जे मोजलं ते ठाम लिहायचं आणि जे मोजलं नाही ते शक्यता म्हणून, तिच्याशेजारी दुसरी शक्यता ठेवून लिहायचं.

> प्रस्तुत नमुन्यात जास्त वेळ मोबाइल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक सरासरीने कमी आढळली (r = −0.34). दोन्ही चलांची नोंद एकाच वेळी घेतलेली असल्याने आधी काय घडले हे या माहितीवरून ठरवता येत नाही. मोबाइलवर जाणारा वेळ अभ्यासातून वजा होत असणे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. परंतु अभ्यासात मागे पडलेले विद्यार्थी मोबाइलकडे अधिक वळत असणे, हेही शक्य आहे. एकाग्रतेचे मापन या संशोधनात केलेले नाही.

पहिल्या वाक्यात ‘कदाचित’ नाही हे पाहा. ते वाक्य पूर्ण खरं आहे, मग कचरायचं कशाला?

## 4. आकड्यांच्या वाक्यांकडे वेगळं पाहा

दोनशे विद्यार्थी आणि `r = −0.34` असं धरू. याचा वर्ग साधारण 0.12 येतो. इथून एक वाक्य जन्माला येतं: “संपादणुकीतील 12 टक्के घट मोबाइलमुळे होते.” हे चूक आहे. 12 टक्के घट नव्हे. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक आहे, त्या विचरणाचा 12 टक्के भाग मोबाइल वापराच्या फरकाशी जुळतो. तो जुळतो एवढंच, कोणामुळे ते त्यात नाही. मराठी प्रबंधात हे वाक्य टाळलं तरी काही बिघडत नाही. ठेवायचं असेल तर ‘विचरण’ आणि ‘निगडित’ हे दोन शब्द त्यात हवेतच.

आता पहिल्या कागदावरचा तिसरा प्रश्न. आठवीचे वार्षिक गुण शाळेच्या कार्यालयात असतातच. समजा ते तुम्ही घेतले आणि त्यांचा नववीच्या गुणांशी सहसंबंध 0.70, मोबाइल वापराशी −0.35 आला. मग आंशिक सहसंबंध काढा, म्हणजे आठवीच्या गुणांमधला फरक बाजूला काढल्यावर उरणारा सहसंबंध. साध्या कॅल्क्युलेटरवर होतो:

```
r(xy.z) = (r_xy − r_xz·r_yz) / √[(1 − r_xz²)(1 − r_yz²)]
        = (−0.34 + 0.245) / √(0.8775 × 0.51)
        = −0.095 / 0.669
        ≈ −0.14
```

`x` म्हणजे मोबाइल वापर, `y` नववीचे गुण, `z` आठवीचे गुण. −0.34 होता तो −0.14 झाला. म्हणजे मोबाइल जास्त वापरणारी मुलं आठवीतही बऱ्याच अंशी मागेच होती. हे एक वाक्य तुमच्या चर्चेला दहा ‘कदाचित’पेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण ते माहितीतून आलेलं आहे.

पण इथे दोन उड्या मारायच्या नाहीत. “आता उरलेला −0.14 हा मोबाइलचा खरा परिणाम” असं लिहू नका, घरचं वातावरण, शिकवणी, झोप यांतलं काहीच तुम्ही वेगळं काढलेलं नाही. आणि “म्हणजे मोबाइलचा काही संबंध नाही” असंही लिहू नका. मुलगा आठवीपासूनच मोबाइल वापरत असेल, तर आठवीचे गुणही त्याच्याच छायेतले असू शकतात. मग ते गुण बाजूला काढताना खऱ्या परिणामाचाही काही भाग आपण काढून टाकला असेल. दोन्ही गोष्टी एकेका वाक्यात लिहा. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

## 5. ‘मर्यादा’ हा परिच्छेद विशिष्ट करा

“प्रस्तुत संशोधन सहसंबंधात्मक असल्याने त्याला काही मर्यादा आहेत.” हे वाक्य कोणत्याही प्रबंधात डकवता येतं, म्हणून त्याचा उपयोग नाही. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत याची ‘स्ट्रोब’ नावाची 22 मुद्द्यांची यादी 2007 साली प्रसिद्ध झाली. ती रोगपरिस्थितिविज्ञानासाठी केलेली आहे, पण तिच्यातली एक मागणी आपल्यालाही लागू पडते: संभाव्य चूक आहे एवढं सांगून थांबू नका, ती निकालाला कोणत्या दिशेला आणि किती ओढेल तेही लिहा.

माझ्या विषयात ते असं झालं. मोबाइल वापर विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला होता. हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलाला ‘तीन तास’ लिहायला संकोच वाटत असेल, तर तो कमी लिहील. ज्याला घरी रोज त्यावरूनच बोलणी बसतात तो खरं किंवा जास्तच लिहील. असं झालं असेल तर सहसंबंध प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. उलट सगळेच अंदाजाने, कमीजास्त लिहीत असतील, तर तो प्रत्यक्षापेक्षा छोटा दिसतो. हे लिहिल्यावर वाचकाला तुमच्या −0.34कडे कसं पाहायचं ते कळतं.

## 6. शिफारशी शेवटी तपासा, पण सोडू नका

चर्चा दुरुस्त केली, मर्यादा लिहिल्या आणि पान उलटलं की शिफारशींत जुना दावा पुन्हा उगवतो. हे फक्त नवख्यांकडून होतं असं नाही. 1999 साली ‘नेचर’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा लेख आला. 479 मुलांच्या पालकांना त्यांनी विचारलं होतं की मूल दोन वर्षांचं होईपर्यंत खोलीत रात्री दिवा असायचा का. अंधारात झोपणाऱ्यांपैकी 10 टक्के मुलांना पुढे लघुदृष्टी आढळली, मंद दिव्यात झोपणाऱ्यांपैकी 34 टक्के आणि मोठ्या दिव्यात झोपणाऱ्यांपैकी 55 टक्के. कार्यकारणसंबंध यातून प्रस्थापित होत नाही, असं लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं. तरीही बाळांना रात्री कृत्रिम प्रकाशाशिवाय झोपवणं शहाणपणाचं ठरेल, असंही त्यांनी जोडलं. लोकांपर्यंत पोचला तो दिवा बंद करण्याचा सल्ला.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटांचे अभ्यास आले. त्यांना असा संबंध सापडला नाही. उलट ज्या आईवडिलांना स्वतःला लघुदृष्टी आहे ते मुलांच्या खोलीत दिवा जास्त वेळा लावतात, असं दिसलं. लघुदृष्टी काही अंशी आनुवंशिक असते. पहिल्या अभ्यासात पालकांची दृष्टी विचारात घेतलेली नव्हती.

तेव्हा शिफारस लिहिताना तीन प्रकार वेगळे करा. पुढील संशोधनाची शिफारस निर्धास्त करा: तीच मुलं आठवी ते दहावी वर्षाआड नव्हे, दर सत्राला पाहावीत, किंवा काही तुकड्यांत चिठ्ठीने निवड करून वापर मर्यादेचा कार्यक्रम राबवावा. लक्ष ठेवण्याची शिफारसही चालते: “ज्या विद्यार्थ्यांचा वापर जास्त आहे त्यांच्या अभ्यासातील अडचणींकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.” इथे मोबाइल कारण असो वा खूण, सल्ला खराच राहतो. तिसरा प्रकार हस्तक्षेपाचा: “शाळेने बंदी घालावी, म्हणजे संपादणूक उंचावेल.” तो तुमच्या माहितीतून निघत नाही. बंदीचा आग्रह तुमच्या मनात असेल तर त्याची कारणं दुसरी द्या आणि दुसऱ्या पुराव्याचा आधार दाखवा. आपल्या `r`च्या खांद्यावर तो ठेवू नका.

## 7. दुसऱ्या टोकाला जाऊ नका

परीक्षकांचा धसका घेतल्यावर माझी दुसरी आवृत्ती अशी झाली: “मोबाइल वापर व संपादणूक यांत कदाचित काही प्रमाणात संबंध असण्याची शक्यता असू शकते असे म्हणता येईल.” मार्गदर्शकांनी यावर लाल रेघ मारली आणि ते योग्यच होतं. संबंध आढळला होता, तो मोजलेला होता. त्यावर शंकेचे पाच थर चढवणं हेही माहितीशी न जुळणारंच लिहिणं. एका वाक्यात शंकेचा शब्द एकच, आणि तोही नेमक्या जागी, स्पष्टीकरणावर.

अजून एक पळवाट टाळा. काही जण ‘परिणाम’ काढून सगळीकडे ‘संबंध’ घालतात, पण युक्तिवाद तोच ठेवतात. आपल्याला खरोखर कारणातच रस असेल, तर तसं उघड म्हणायला हरकत नाही: “मोबाइल वापरामुळे संपादणूक घटते का, हा मूळ प्रश्न आहे, प्रस्तुत माहिती त्याचे उत्तर देण्यास पुरेशी नाही.” हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

## 8. बाकीची पानं

चर्चा दुरुस्त झाली की सारांश, उद्दिष्टं, परिकल्पना आणि तक्त्यांखालचं अर्थनिर्वचन याच क्रमाने पुन्हा शोधा. चौथ्या प्रकरणात प्रत्येक तक्त्याखाली ‘यावरून असे दिसते की’ने सुरू होणारं वाक्य असतं, माझ्या नऊ तक्त्यांपैकी सहांखाली ‘मुळे’ सापडला होता.

शीर्षकाचा प्रश्न अवघड आहे. ‘मोबाइल वापराचा संपादणुकीवर होणारा परिणाम’ असं शीर्षक मंजूर होऊन बसलेलं असतं. आराखडा अजून सादर व्हायचा असेल तर आजच बदला: ‘मोबाइल वापर व संपादणूक यांतील सहसंबंध’. मंजुरी मिळून गेली असेल तर मार्गदर्शकांना विचारून बदलाचा अर्ज करता येतो का ते पाहा. तेही होत नसेल तर पहिल्या प्रकरणातल्या कार्यात्मक व्याख्यांत लिहा: “शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द प्रस्तुत संशोधनात केवळ दोन चलांमधील सांख्यिकीय सहसंबंध या अर्थाने वापरला आहे.” आणि पुढच्या एकाही पानावर तो शब्द पुन्हा येणार नाही याची काळजी घ्या.